२०,००० एमएएचची पॉवर बँक आठ महिने वापरल्यावर: लिहिलेली क्षमता, मिळणारी क्षमता आणि काही नोंदी

माझे काम दिवसभर बाहेर फिरण्याचे असल्याने फोन आणि टॅब्लेट दोन्ही संध्याकाळपर्यंत चालू राहावेत, एवढ्याच हेतूने मी ही २०,००० एमएएचची, १८ वॉटपर्यंत चार्ज होणारी आणि तितक्याच शक्तीने चार्ज करणारी पॉवर बँक घेतली. आज तिला आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यातच माझी फसवणूक झाली आहे असा माझा ठाम समज झाला होता. माझ्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची, म्हणजे सरळ भागाकाराने चार वेळा फोन भरायला हवा होता. प्रत्यक्षात तो दोनदा पूर्ण भरला आणि तिसऱ्यांदा सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर जाऊन पॉवर बँकेचा शेवटचा दिवा विझला. तक्रार लिहिण्यापूर्वी मी एक यूएसबी मीटर मिळवला आणि मोजून पाहिले. तक्रार लिहिण्याची वेळ आली नाही, पण जे हाती लागले ते खरेदीपूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मुळात एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हे ऊर्जेचे माप नव्हे. किती प्रवाह किती तास वाहू शकतो एवढेच ते सांगते. तो प्रवाह किती व्होल्टवर वाहतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. पॉवर बँकेच्या आत लिथियमचे सेल असतात आणि त्यांचा सरासरी दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले २०,००० हे त्या दाबावरचे, म्हणजे आतल्या सेलचे मोजमाप आहे. यूएसबीच्या तोंडातून मात्र वीज ५ व्होल्टने बाहेर पडते, आणि फोनने मागितल्यास ९ व्होल्टनेही. दाब वाढवायचा तर प्रवाहाचा आकडा घटणारच, कारण ऊर्जा तेवढीच राहते.

त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना करायची असेल तर वॉट-तासांत करावी. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास; त्याला ३.७ ने गुणले की ७४ वॉट-तास होतात. माझ्या पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा राखाडी अक्षरांत हा ७४ चा आकडा छापलेला आहे आणि त्याच्या खाली ‘रेटेड क्षमता १२,५०० एमएएच, ५ व्होल्ट २ अँपिअर’ अशी आणखी एक ओळ आहे. संपूर्ण वेष्टनावरची सर्वांत उपयोगी ओळ हीच, आणि नेमकी तीच सर्वांत बारीक अक्षरांत. ७४ वॉट-तासांना ५ व्होल्टने भागले तर १४,८०० एमएएच येतात. दाब वाढवणाऱ्या मंडलात उष्णतेच्या रूपाने जाणारे पंधरा टक्क्यांच्या आसपासचे नुकसान त्यातून वजा केले की उरतात ते साडेबारा हजार. म्हणजे उत्पादकाने खोटे काहीच लिहिलेले नव्हते. फक्त मोठा आकडा मोठ्या अक्षरांत आणि उपयोगाचा आकडा लहान अक्षरांत लिहिला होता.

हे कागदावरचे गणित. मोजणीसाठी पॉवर बँक पूर्ण भरली, तिच्या तोंडाला मीटर लावला आणि मीटरपुढे ठरावीक प्रवाह ओढणारा एक छोटा लोड जोडून तो २ अँपिअरवर ठेवला. फोन चार्ज करून मोजणी करता येत नाही असे नाही, पण फोन आपल्या सोयीने प्रवाह कमीजास्त करतो आणि दर वेळी उत्तर वेगळे येते. लोड हा निमूटपणे एकाच वेगाने ओढत राहतो. सव्वासहा तासांनी पॉवर बँक बंद पडली तेव्हा मीटरवर ६२.५ वॉट-तास दिसत होते. ५ व्होल्टच्या हिशेबाने हे बरोबर १२,५०० एमएएच होतात. लेबलवरच्या आकड्याशी इतकी तंतोतंत जुळणी होईल असे मला वाटले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. फरक एका टक्क्याच्या आतच राहिला.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती चार दिव्यांविषयी. चार दिवे म्हणजे प्रत्येकी पंचवीस टक्के अशी आपली समजूत असते. माझ्या नोंदीप्रमाणे चारही दिवे एक तास वीस मिनिटे जळत होते, तीन दिवे दोन तास, दोन दिवे दोन तास पाच मिनिटे आणि एकटा दिवा जेमतेम पन्नास मिनिटे. हे दिवे मुख्यतः सेलच्या दाबावरून ठरतात, आणि लिथियम सेलचा दाब मधल्या टप्प्यात फार हळू उतरतो, शेवटी मात्र एकदम कोसळतो. तेव्हापासून दोन दिवे दिसले की घरी परतेपर्यंत पुरेल असे मी समजते आणि एक दिवा दिसला की ती संपल्यातच जमा धरते.

आता फोनचा हिशेब. ५,००० एमएएचच्या माझ्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात, पण फोन बंद ठेवून रिकाम्यापासून पूर्ण भरेपर्यंत मीटरवर २२.८ वॉट-तास नोंदले गेले. वरचे जवळजवळ चार वॉट-तास केबलमध्ये आणि फोनच्या स्वतःच्या चार्जिंग मंडलात उष्णता होऊन गेले. ६२.५ ला २२.८ ने भागले की पावणेतीन येतात, आणि पहिल्या आठवड्यात मला नेमके तेवढेच मिळाले होते. पडदा चालू ठेवून नकाशा वापरत चार्जिंग केले तर हा आकडा अडीचच्याही खाली येतो, कारण भरणे आणि वापरणे एकाच वेळी चालते. ज्यांना खरेदीपूर्वी ढोबळ अंदाज हवा आहे त्यांनी वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याचे साठ टक्के धरावेत आणि त्याला फोनच्या एमएएचने भागून उत्तर थोडे वर धरावे. माझ्याकडच्या तिन्ही उपकरणांसाठी हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाला आहे.

मिळणारी ऊर्जा वेगावरही अवलंबून असते. जलद चार्जिंगवर, म्हणजे ९ व्होल्ट २ अँपिअरने ओढले, तेव्हा मला ६२.५ ऐवजी ५९ वॉट-तास मिळाले. ५ व्होल्ट १ अँपिअरने सावकाश ओढल्यावर ६४ च्या जवळ मिळाले. फरक मोठा नाही, तरी कारण समजण्यासारखे आहे: जास्त शक्ती द्यायची तर सेलमधून जास्त प्रवाह ओढावा लागतो आणि उष्णतेत जाणारे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रात्रभर वेळ असेल तेव्हा जलद चार्जिंगचा आग्रह मी धरत नाही.

पॉवर बँक स्वतः भरायला किती वेळ लागतो, या प्रश्नाने मला क्षमतेपेक्षा जास्त छळले. जाहिरातीत पाच तास लिहिले होते. १८ वॉटचा अ‍ॅडॉप्टर आणि सोबत आलेली आखूड केबल वापरून मला पाच तास पंचवीस मिनिटे लागली, म्हणजे दावा फारसा चुकीचा नाही. पण त्या पाच तासांसाठी ९ व्होल्ट २ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो पेटीत नसतो, आणि ही अट तारांकित करून अगदी तळाला लिहिलेली असते. घरातल्या जुन्या ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरने तेच काम सव्वानऊ तासांवर गेले. यात गूढ काही नाही. मीटर आत जाणाऱ्या बाजूला लावून पाहिला तेव्हा रिकामी पॉवर बँक पूर्ण भरण्यासाठी ८४ वॉट-तास आत घेत होती. १० वॉटने ८४ भरायचे तर साडेआठ तास तरी हवेतच.

वरचा पाऊण तास कुठून येतो तेही सांगते. लिथियम सेल भरताना आधी ठरावीक प्रवाह दिला जातो आणि सेलचा दाब ४.२ व्होल्टला पोहोचला की दाब तिथेच रोखून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. पाणी काठोकाठ भरताना आपण नळ बारीक करतो, तसाच हा प्रकार. माझ्या १८ वॉटच्या मोजणीत पहिले तीन दिवे तीन तास दहा मिनिटांत स्थिर झाले आणि उरलेल्या एका दिव्याने सव्वादोन तास घेतले. घाईत असाल तर चौथ्या दिव्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मात्र एका रात्रीचा अनुभव या कोणत्याच हिशेबात बसत नव्हता. साडेदहाला पॉवर बँक त्या जुन्या अ‍ॅडॉप्टरला लावली आणि पहाटे सहाला पाहिले तर दोनच दिवे स्थिर होते, तिसरा अजून लुकलुकत होता. आधीच्या हिशेबाने तोवर शेवटचा दिवा आलेला असायला हवा होता. पॉवर बँक बिघडली असे वाटून मी मीटर लावला. अ‍ॅडॉप्टरच्या तोंडाशी ५.१ व्होल्ट होते, पॉवर बँकेच्या तोंडाशी मात्र ४.४, आणि प्रवाह होता १.३ अँपिअर. म्हणजे आत जेमतेम ५.७ वॉट जात होते. त्या रात्री मी सोयीसाठी दोन मीटर लांबीची एक बारीक केबल वापरली होती. तिच्या आतल्या तारा इतक्या पातळ होत्या की ०.७ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडत होते, आणि आलेला दाब खाली घसरताना दिसल्यामुळे पॉवर बँक आपणहून प्रवाह कमी करत होती. अ‍ॅडॉप्टर तोच ठेवून आखूड, जाड केबल लावली तेव्हा आकडे लगेच ४.८५ व्होल्ट आणि १.९५ अँपिअरवर आले. ‘पॉवर बँक हळू भरते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी केबल बदलून पाहावी, एवढेच यावरून म्हणेन. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी तीच पॉवर बँक, तोच अ‍ॅडॉप्टर आणि दोन वेगळ्या केबली घेऊन तिसरा दिवा केव्हा स्थिर होतो याची वेळ लिहून ठेवली तरी फरक दिसेल.

एक लहानशी गैरसोय इथेच सांगून टाकते. बिनतारी इअरफोन किंवा मनगटावरचा बँड लावला की ही पॉवर बँक अर्ध्या मिनिटात बंद होते. ही उपकरणे इतका थोडा प्रवाह ओढतात की आपल्याला काही जोडलेलेच नाही असा तिचा समज होतो. बटण दोनदा पटकन दाबले की ती कमी प्रवाहाच्या स्थितीत जाते आणि मग बंद होत नाही. ही सोय असल्याचे पेटीतल्या पुस्तिकेत एका ओळीत लिहिले होते आणि ती ओळ मला तिसऱ्या महिन्यात सापडली.

सुरक्षिततेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यापूर्वीची माझी पॉवर बँक फुगली होती. ती दुसऱ्या एका उत्पादकाची होती. तिच्यावर ना वॉट-तास लिहिलेले होते ना रेटेड क्षमता, केवळ ३०,००० हा आकडा होता, आणि तरीही ती हातात आश्चर्यकारक हलकी वाटे. त्या वेळी मला ते गुणासारखे वाटले होते. आता कळते की ती धोक्याची खूण होती. लिथियम सेलना वजन असते. ७४ वॉट-तासांच्या निव्वळ सेलचेच वजन साधारण ३०० ग्रॅमच्या पुढे जाते, त्यावर कवच आणि मंडल वेगळे. बोटाएवढ्या गोल सेलची, ज्याला १८६५० म्हणतात, क्षमता आजही फार तर ३,५०० एमएएचच्या आसपास असते, म्हणजे २०,००० साठी असे किमान सहा सेल हवेत. तळहातात मावणाऱ्या, दोनशे ग्रॅमच्या डबीवर ३०,००० लिहिलेले असेल तर तो आकडा उघडून पाहण्याचीही गरज नाही.

ती फुगली हे मला दिसले नाही, ऐकू आले. टेबलावर ठेवल्यावर ती एका कोपऱ्यावर डगमगून टक असा आवाज करत होती. सपाट काचेवर ठेवून बोटाने हलके ढकलले तर भिंगरीसारखी अर्धा फेरा फिरली. तळ आतून वर आलेला होता आणि कवचाच्या सांध्यात नख जाईल एवढी फट पडली होती. आत सेलमधील द्रव विघटित होऊन वायू साठतो तेव्हा असे होते, आणि एकदा फुगलेला सेल पुन्हा पूर्ववत होत नाही. अशी वस्तू दाबून बसवणे, टोचून वायू काढणे किंवा ‘अजून चालते आहे’ म्हणून पुन्हा चार्जिंगला लावणे, हे तिन्ही करू नये. आतले दोन थर एकमेकांना टेकले की ती सेकंदांत पेट घेऊ शकते. मी ती बंद करून मोकळ्या फरशीवर, जळण्यासारखे काही जवळ नसेल अशा जागी ठेवली आणि पुढे ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात, फुगली आहे हे सांगून, दिली. नेहमीच्या कचऱ्यात ती टाकू नये, कारण कचरागाडीत दाबली जाऊन तिथे आग लागू शकते.

फुगण्यामागे माझाही हात होता हे मान्य करायला हवे. ती पॉवर बँक मी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कित्येकदा विसरले होते आणि रात्री उशीजवळ पांघरुणात ठेवून फोन चार्ज करत असे. लिथियम सेल शून्य ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चार्ज करावेत असा सर्वसाधारण नियम आहे. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात याच्या कितीतरी वर जातो. दुसऱ्या टोकाला, शून्याखाली चार्ज केले तर सेलच्या आत धातुरूप लिथियम साचू लागते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि भरूनही निघत नाही. नव्या पॉवर बँकेला मी भरताना कठीण, उघड्या पृष्ठभागावर ठेवते. ३१ अंशांच्या खोलीत १८ वॉटने भरताना तिचे कवच ३८ अंशांपर्यंत गेले. भरता भरता तिच्यातूनच फोनही चार्ज करायला लावला तेव्हा ४३ वर गेले. कंपनी या एकत्र वापराला परवानगी देते, मी मात्र तो टाळते. तसे करताना फोनला जलद चार्जिंगही मिळत नाही, म्हणजे उष्णता सोसून पदरात काहीच पडत नाही.

हाताला कोमट लागणे नेहमीचे आहे. हात ठेवून ठेववत नाही इतकी गरम होणे, गोडसर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणे, काही न जोडता चार्ज दोन-तीन दिवसांत उतरून जाणे, यांपैकी एकही दिसले तर वापर थांबवावा. शेवटची खूण लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. धडधाकट पॉवर बँक महिनाभर कपाटात पडून राहिली तरी दिव्यांत फारसा फरक पडत नाही. माझी मधल्या काळात पाच आठवडे वापराविना होती. ठेवताना मी दोन-तीन दिव्यांवर ठेवली होती, कारण काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो, आणि परत आल्यावर दिवे तेवढेच होते.

विमानप्रवास करणाऱ्यांना वॉट-तासांचा आकडा आणखी एका कारणासाठी लागतो. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाही, ती जवळच्या बॅगेतच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा विनापरवानगी नेता येते. १०० ते १६० च्या दरम्यानची न्यायची तर विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. १०० वॉट-तास म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २७,००० एमएएच. बाजारात या आकड्याच्या जवळपास इतक्या पॉवर बँका का थांबतात, याचे उत्तर इथे आहे. आकडा कवचावर वाचता आला नाही तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते, म्हणून माझ्या पॉवर बँकेवरची राखाडी अक्षरे पुसट होऊ लागताच मी त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. उड्डाण चालू असताना ती वापरण्यावर २०२५ पासून अनेक विमान कंपन्यांनी बंदी घातली आहे, तेव्हा प्रवासापूर्वी आपल्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा.

आठ महिन्यांत ती पूर्ण रिकामी होऊन भरली, असे साधारण सत्तर वेळा घडले असेल. गेल्या रविवारी मी तोच लोड, तीच केबल आणि तोच २ अँपिअर ठेवून पुन्हा मोजले. या वेळी ६०.३ वॉट-तास मिळाले, म्हणजे सुरुवातीच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांची घट. फोनच्या हिशेबात हा एका चार्जचा दहावा भाग होतो आणि रोजच्या वापरात तो मला जाणवलेला नाही. दोष म्हणाल तर बटण खोलगट असल्याने हातमोजे घालून दाबता येत नाही, आणि वरचा गुळगुळीत रंग किल्ल्यांच्या सहवासात तिसऱ्या महिन्यातच ओरखडला. तळाला मी कागदाची एक पट्टी चिकटवून तिच्यावर दोन्ही मोजण्यांच्या तारखा आणि आकडे लिहून ठेवले आहेत. वर्ष पूर्ण झाल्यावरच्या मोजणीसाठी खाली एक ओळ रिकामी आहे.